तेल, हळद, फोडणी: ओट्याला ग्रॅनाइट की क्वार्ट्झ?

नवीन घराचा ओटा ठरवताना दुकानदार पहिल्यांदा विचारतो, "रंग कोणता हवा?" तुम्ही मात्र आधी दुसरं सांगा: रोज किती वेळा फोडणी होते, तळण आठवड्यातून किती वेळा होतं, आणि गरम कढई उतरवून ठेवायची सवय कुठे आहे. ज्या घरात सकाळी चहा आणि रात्री बाहेरचं जेवण, तिथे कुठलाही दगड बसवला तरी चालतो. हा लेख त्या घरांसाठी नाही. रोज दोन वेळा भाजी-आमटी, पोळ्या, अधूनमधून पुऱ्या किंवा भजी, आणि मिसळणाच्या डब्यातून हात घाईने फिरणारा, अशा घरासाठी हा आहे.

थेट मत आधी सांगतो. शेगडीच्या बाजूला गडद, घट्ट ग्रॅनाइट. पांढरं क्वार्ट्झ हवंच असेल तर ते सिंकच्या बाजूला. असं का, आणि त्यासाठी दुकानात आणि साईटवर काय करायचं, ते आता क्रमाने.

आधी दोन्ही दगड समजून घ्या

ग्रॅनाइट खाणीतून निघतो, कापून पॉलिश होतो आणि घरात येतो. आपल्याकडचा स्वतःचा दगड काळा बेसाल्ट असला तरी ओट्याला तो वापरत नाहीत. ओट्याचा माल येतो तो बहुतेक आंध्र, तेलंगणा, कर्नाटक, तमिळनाडू आणि राजस्थानातून. सोनेरी ठिपक्यांचा 'ब्लॅक गॅलेक्सी' आंध्रातल्या चिमकुर्तीचा. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला ग्रॅनाइट म्हणणारही नाहीत, पण बाजारात तो ग्रॅनाइटच आहे, आणि आपल्या कामाला उत्तम, कारण त्याचे कण इतके घट्ट बसलेले असतात की तेल आत जायला वावच मिळत नाही. याउलट 'काश्मीर व्हाईट'सारखा फिकट ग्रॅनाइट दिसायला सुरेख, पण सच्छिद्र. 'ग्रॅनाइटला तेल लागत नाही' हे वाक्य म्हणूनच अर्धंच खरं आहे. कोणत्या ग्रॅनाइटला, हे विचारायला हवं.

क्वार्ट्झ कारखान्यात बनतं. वजनाने साधारण ९० टक्के किंवा त्याहून थोडी जास्त क्वार्ट्झची पूड आणि खडी, उरलेलं रेझिन आणि रंग. हे मिश्रण निर्वात दाबून, तापवून त्याचे स्लॅब करतात. त्यात छिद्रं जवळजवळ नसतात, म्हणून त्याला छिद्रं बंद करणारा सीलर कधीच लागत नाही. इथपर्यंत दुकानदार बरोबर सांगतो. तो सांगत नाही ते रेझिनचं. रेझिन म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. आमटी ठेवलेला प्लास्टिकचा डबा कितीही घासला तरी पिवळाच राहतो, आणि शेजारचा काचेचा स्वच्छ निघतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. क्वार्ट्झमधले खडे काचेसारखे वागतात आणि खड्यांमधलं रेझिन त्या डब्यासारखं.

हळद नेमकं काय करते

हळदीचा पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र छान विरघळतो. कोरडी हळद ओट्यावर सांडली तर ती नुसती पूड आहे, फडक्याने उचलली जाते. हळदीचं पाणी सांडलं तरी थोडा वेळ मिळतो. पण फोडणीत पडलेली हळद म्हणजे तेलात विरघळलेला गरम रंग, आणि त्याचा शिंतोडा हा खरा शत्रू. कढईच्या भोवतालचा हातभर भाग या शिंतोड्यांचा. तिथे फिकट क्वार्ट्झ असेल, शिंतोडा रात्रभर राहिला, आणि हे रोज घडलं, तर पिवळसर झाक हळूहळू बसते. मॅट किंवा 'स्वेड' फिनिशमध्ये ती लवकर बसते, कारण पृष्ठभाग खडबडीत असतो. चकचकीत पॉलिशवर उशिरा.

हळदीच्या दोन खोडी कामाला येतात. एक, साबण किंवा खायच्या सोड्यासारखं अल्कधर्मी काही लागलं की ती लालसर होते, जशी चुन्याने होते. डाग काढताना अचानक लाल झाला तर दगड बिघडला असं समजू नका, फक्त पुसत राहा. दुसरी, हळदीचा रंग उन्हात उडतो. खिडकीखालच्या फिकट ग्रॅनाइटवरचा डाग आठवड्याभरात आपोआप फिका पडलेला दिसतो तो त्यामुळे. क्वार्ट्झच्या बाबतीत मात्र ऊन दुधारी आहे: सततच्या उन्हाने रेझिनच पिवळं पडतं. ड्राय बाल्कनीत किंवा पश्चिमेच्या मोठ्या खिडकीखाली फिकट क्वार्ट्झ बसवू नये, हे त्यातूनच निघतं.

उष्णता: इथे बरोबरी नाही

डाग पुसता येतो, किमान प्रयत्न तरी करता येतो. जळलेल्या रेझिनला उपाय नाही. क्वार्ट्झ बनवणारे साधारण १५० अंश सेल्सियसच्या आसपास सावध राहायला सांगतात. तळणाचं तेल १८० अंशांच्या पुढे असतं, पोळीचा तवा २०० च्या वर सहज जातो. गॅसवरून उतरवलेली कढई थेट क्वार्ट्झवर टेकवली तर पांढरट किंवा तपकिरी गोल वळ उठू शकतो, कधी तडाही जातो. बहुतेक वॉरंट्यांमध्ये उष्णतेचं नुकसान धरलेलं नसतं. पैसे देण्याआधी तो परिच्छेद वाचून घ्या.

'आम्ही तिवई ठेवूच' असं सगळे म्हणतात. घरात एकच माणूस स्वयंपाक करत असेल तर ते जमतंही. पण सणाला चार जणी ओट्याशी असतात, स्वयंपाकाच्या मावशी घाईत असतात, आणि कुकर, तवा, कढई एकदम उतरतात. ओटा निवडताना असा दिवस डोळ्यासमोर ठेवावा.

ग्रॅनाइटवर गरम भांडं ठेवलं तर दगडाला सहसा काही होत नाही. तरी एक काळजी घ्या: लालबुंद तापलेला तवा ठेवून लगेच त्या जागी थंड पाणी ओतू नका, आणि सांध्यावर किंवा शेगडीच्या कापाच्या कोपऱ्यावर गरम भांडं ठेवू नका. तिथे दगड मुळातच अरुंद आणि कमकुवत असतो.

दुकानातून तुकडा आणा आणि घरी तपासा

स्लॅब पसंत पडला की त्याच मालाचा तळहाताएवढा तुकडा मागा. देतात, दुकानामागे कापातून उरलेल्या तुकड्यांचा ढीगच असतो. दोनतीन प्रकार आणा, मागे मार्करने नाव लिहा. तपासणी नेहमी पॉलिश केलेल्या बाजूवर करा, मागच्या खरबरीत बाजूवर नाही.

ग्रॅनाइट असेल तर पहिली परीक्षा ॲसिटोनची. नेलपॉलिश काढायचं साधं ॲसिटोन पांढऱ्या फडक्यावर घेऊन जोरात घासा. फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे, करड्या दगडाला काळा करून विकतात तो हा, घेऊ नका. फडक्याला रंग न लागता दगड थोडा निस्तेज झाला तर वर मेण किंवा तेल चोळलेलं होतं. ते निघालं हे बरंच झालं, कारण पुढच्या परीक्षा खऱ्या दगडावर होतील. ही परीक्षा आधी करायची ती एवढ्यासाठीच. मेणाच्या थरावर पाण्याचा थेंब टाकून 'शोषत नाही' म्हणण्याला अर्थ नाही. क्वार्ट्झवर ॲसिटोन लावू नका, रेझिनची चमक जाऊ शकते.

मग पाण्याचे चारपाच थेंब टाका आणि पंधरा मिनिटं थांबा. पुसल्यावर खाली गडद ठिपका दिसला तर दगड पाणी पितो, म्हणजे तेलही पिईल. असा दगड सीलर मारल्याशिवाय ओट्याला चालणार नाही. ठिपका दिसलाच नाही तर दगड घट्ट आहे.

शेवटची परीक्षा आपल्या स्वयंपाकाची. चमचाभर तेल गरम करा, त्यात पाव चमचा हळद घाला, आणि ते तेल प्रत्येक तुकड्यावर ओता. अर्ध्या भागावरून दहा मिनिटांनी पुसा, उरलेलं रात्रभर राहू द्या. सकाळी भांड्याच्या साबणाने मऊ फडक्याने धुवा, वाळू द्या आणि खिडकीशी नेऊन बघा, ट्यूबलाइटखाली नाही. दहा मिनिटांचा भाग स्वच्छ आणि रात्रीचा पिवळा असेल, तर तो दगड शिस्तीच्या घराला चालेल. दोन्ही भाग स्वच्छ असतील तर तुमच्या मनासारखा. आणि फिकट ग्रॅनाइटवर पिवळेपणा नसला तरी गडद, ओलसर दिसणारा गोल उरला असेल, तर तेल आत गेलं. तेल पाण्यासारखं उडून जात नाही, म्हणून तो गोल आपोआप जाणार नाही.

अखंड स्लॅब बघताना मागची बाजूही बघा. मागे जाळी चिकटवलेली असेल तर तो दगड ठिसूळ आहे आणि जाळीने धरून ठेवलाय. फिकट, नक्षीदार मालात हे पुष्कळदा दिसतं. ओट्याला तो टाळा. पसंत केलेल्या स्लॅबच्या मागे सही करा आणि फोटो काढा, म्हणजे साईटवर तोच येतो का ते कळेल. जाडीही मोजा: ग्रॅनाइट साधारण १६ ते १८ मिमी असतो, क्वार्ट्झ १५ किंवा २० मिमी. क्वार्ट्झमध्ये जमलं तर २० घ्या.

एक उदाहरण: ठाण्यातला एल आकाराचा ओटा

पाच जणांचं कुटुंब, दोन वेळचा पूर्ण स्वयंपाक, रविवारी तळण. सुनेला पांढरा ओटा हवा, सासूबाईंना काळा. भांडण रंगाचं वाटत असलं तरी खरा प्रश्न जागेचा आहे.

शेगडीची बाजू भिंतीलगत ७ फूट. कोपऱ्यातून वळून सिंकची बाजू आणखी ५ फूट. ओट्याची खोली २ फूट. शेगडीच्या बाजूचं क्षेत्र ७ गुणिले २, म्हणजे १४ चौरस फूट. सिंकच्या बाजूचं ५ गुणिले २, म्हणजे १०. एकूण २४. भिंतीलगतची चार इंचांची स्कर्टिंग दोन्ही भिंतींवर सात-सात फूट, म्हणजे १४ फूट लांब, तिचे साधारण पावणेपाच चौरस फूट. पुढच्या कडेचं मोल्डिंग मात्र चौरस फुटात नाही, रनिंग फुटात मोजतात: कोपऱ्याचे दोन फूट वजा जाता शेगडीकडे ५ आणि सिंककडे ५, असे १० फूट. एखादं टोक उघडं राहत असेल तर तिथलेही दोन फूट धरा. कोटेशनमध्ये दगड, मोल्डिंग, सिंकचा काप, हॉबचा म्हणजे ओट्यात बसवायच्या शेगडीचा काप आणि बसवणी हे पाच आकडे वेगवेगळे लिहून मागा. दगडाचा दर कमी सांगून मोल्डिंग आणि कापात वसूल करणं हे जुनं तंत्र आहे. शिवाय स्लॅबमधून वाया जाणारा भाग कोणाच्या खात्यात, हेही आधीच ठरवा.

एल आकारात कोपऱ्यात सांधा येणारच असतो. तोच दोन दगडांची सीमा करायची. शेगडीच्या ७ फुटांना काळा ग्रॅनाइट, सिंकच्या ५ फुटांना पांढरं क्वार्ट्झ. तिथे गरम कढई येत नाही, कणीक मळली जाते, भाजी चिरली जाते, भांडी निथळतात. हळदीचे हात लागले तरी ते तेलकट शिंतोडे नसतात आणि पाणी शेजारीच आहे. एक तांत्रिक गोष्ट विसरू नका: ग्रॅनाइट १८ मिमी आणि क्वार्ट्झ १५ मिमी असेल तर क्वार्ट्झखाली ३ मिमी उंची भरून घ्यावी लागते, नाहीतर सांध्यावर पायरी उरते आणि तिथेच पीठ, तेल अडकतं. कारागिराला कापायच्या आधी सांगा.

या कुटुंबाला दोन रंग नकोच असते, तर मी सगळा ओटा काळा करायला सांगितला असता आणि पांढरेपणाची हौस कपाटाच्या दारांवर भागवली असती. काळ्यावर पाण्याचे डाग आणि तेलाचे ओघळ उठून दिसतात ही तक्रार खरी आहे. ते दिसतात म्हणून पुसलेही जातात, असं माझं निरीक्षण आहे. बोअरचं जड पाणी असेल तर नळाभोवती पांढरा थर जमतो. तिथे रोज रात्री कोरडं फडकं फिरवलं तरी पुरतं.

बसवताना: पिवळा होतो तो सांधा

'आमचा ओटा पिवळा पडला' म्हणणाऱ्यांच्या घरी जवळून बघितलं तर कितीदा तरी दगड ठीक असतो. पिवळा झालेला असतो तो सांध्यातला व्हाईट सिमेंट, भिंतीच्या कडेचं पांढरं सिलिकॉन, आणि मागच्या टाइल्समधला पांढरा ग्राउट. व्हाईट सिमेंट सच्छिद्र आहे, तेल-हळद पितो आणि सोडत नाही. म्हणून कारागिराला आधीच सांगा, जमलं तर लिहून द्या: दगडाचा सांधा दगडाच्या रंगाच्या इपॉक्सीने भरायचा, शेगडीमागच्या टाइल्सना करड्या रंगाचा इपॉक्सी ग्राउट, आणि कडेचं सिलिकॉन पांढरं नको. खर्च थोडा वाढतो. मी दगडाच्या दरात घासाघीस करीन, पण इथे नाही.

सांधा सिंकवर किंवा हॉबवर कधीच येऊ देऊ नका. हॉबचा काप करताना आतले कोपरे गोलसर ठेवायला सांगा. काटकोनात कापला की कोपऱ्यातून तडा सुरू होतो, आणि मोठ्या कढईची उष्णता नेमकी तिथेच पडते. क्वार्ट्झमध्ये हा धोका अधिक. त्या बाजूला क्वार्ट्झच बसवायचं ठरलं, तर हॉबसाठी काप न करता उंच पायांची साधी शेगडी वर ठेवणं जास्त सुरक्षित. पुढच्या कडेखाली एक बारीक खाच मारून घ्या, म्हणजे सांडलेलं पाणी खालच्या कपाटात न ओघळता तिथेच गळून पडतं.

काम संपल्यावर कारागीर 'ॲसिड मारून स्वच्छ करून देतो' म्हणतो. नको म्हणा. फिकट ग्रॅनाइटमधल्या लोहकणांना त्याने गंजाचे पिवळे डाग येतात, आणि मग दोष हळदीवर जातो. खालचे खण कडप्प्याचे असतील तर त्याला ॲसिड आणखीच वाईट, कारण तो चुनखडक आहे. लिंबाचा रससुद्धा त्यावर डाग पाडतो.

कापाकापी कारखान्यात, पाणी सोडून झालेली बरी. क्वार्ट्झच्या कोरड्या धुळीत सिलिका फार असते आणि ती कारागिरांच्या फुप्फुसांना कायमची इजा करते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा कृत्रिम दगड वापरण्यावर बंदी घातली ती याच कारणाने. घरात बसवून झालेल्या ओट्यापासून तुम्हाला काही धोका नाही. पण तुमच्या हॉलमध्ये कोरडं ग्राइंडर चालवणाऱ्या माणसाला आहे, आणि घरात बसणाऱ्या धुळीचा तुम्हालाही.

सीलर कोणाला, कसा

क्वार्ट्झला नाही. पाण्याची परीक्षा पास झालेल्या काळ्या ग्रॅनाइटलाही नाही. तो शोषतच नाही, त्यामुळे सीलर वर साचतो आणि ओरखड्यांसारखे पट्टे दिसतात. पाणी पिणाऱ्या ग्रॅनाइटला मात्र लावाच. बसवल्यावर दोनतीन दिवस ओटा पूर्ण वाळू द्या. आत मुरणारा सीलर, म्हणजे पेनिट्रेटिंग प्रकारचा, फडक्याने पातळ लावा, डब्यावर लिहिली असतील तेवढी मिनिटं थांबा आणि वाळण्याआधी उरलेला पुसून काढा. पुन्हा एकदा हेच. सिंकच्या कापाची आतली कड आणि हॉबच्या कापाची कड विसरू नका, तिथे पॉलिश नसतं आणि दगड सगळ्यात जास्त पितो. सीलर पुन्हा कधी लावायचा याचं वेळापत्रक ठेवू नका. सहा महिन्यांनी शेगडीजवळ पाण्याचे थेंब टाका, ठिपका दिसला तर लावा.

रोजचं पुसणं आणि हट्टी डाग

स्वयंपाक झाला की शेगडी थोडी थंड होईपर्यंत जेवून घ्या, पण झोपण्याआधी शेगडी उचलून खालची आणि मागची जागा पुसाच. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब, मऊ फडकं, मग कोरडं फडकं. हिरवी घासणी आणि तारेची घासणी ओट्याला लावू नका. क्वार्ट्झची गेलेली चमक घरच्या घरी परत येत नाही. ब्लीचही क्वार्ट्झवर नको.

क्वार्ट्झवर हळदीची झाक राहिली तर खायच्या सोड्यात थोडं पाणी घालून लेप करा, पंधरावीस मिनिटं ठेवा, हलक्या हाताने गोल फिरवत पुसा. फिकट ग्रॅनाइटवरच्या हळदीला औषधांच्या दुकानात मिळणारं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड कापसावर घेऊन डागावर ठेवा, वर प्लास्टिक झाका, काही तासांनी बघा. आधी कोपऱ्यात करून पाहा, आणि नंतर सीलर तपासा.

ग्रॅनाइटमध्ये मुरलेल्या तेलाला वेळ द्यावा लागतो. सोडा आणि पाण्याचा घट्ट लेप अर्धा इंच जाड लावा, प्लास्टिकने झाकून कडा चिकटपट्टीने बंद करा, २४ तास ठेवा. मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या. वाळतानाच तो तेल वर ओढतो. लाकडी उलथन्याने खरवडा. डाग फिका झाला असेल तर पुन्हा करा, दोनतीनदा करावं लागतं. मुलतानी माती वापरू नका, तिच्यातलं लोह फिकट दगडाला स्वतःचाच डाग देतं. तीन लेपांनंतरही गोल तसाच राहिला, तर दगड पॉलिश करणाऱ्याला बोलवा, आणि तोपर्यंत त्या जागी मिसळणाचा डबा ठेवा.